दृक्, वाक्य आणि सरकणारी अष्टमी

प्रश्न : आमच्या इंदूरच्या घरी दृक् पंचांग, शेजारच्या तमिळ मावशींकडे वाक्य पंचांग. अमावास्या जवळपास जुळते, पण अष्टमी कधी चार-चार तास मागेपुढे असते. ‘वाक्य’ म्हणजे इथे नेमकं काय?

इथलं वाक्य व्याकरणातलं नव्हे, तो शब्दांत लपवलेला आकडा आहे. वररुचीच्या नावावर चालत आलेल्या २४८ चंद्रवाक्यांतलं पहिलं ‘गीर्नः श्रेयः’. कटपयादी पद्धतीने ग ३, न ०, र २, य १ (जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं). अंक उजवीकडून वाचले की १२०३, म्हणजे १२ अंश ३ कला. चंद्र सर्वात मंद असतो तिथून एका दिवसात तो एवढा सरकतो. २४८ दिवसांत ही मंद-शीघ्र गतीची आवर्तनं जवळजवळ बरोबर नऊ होतात, म्हणून वाक्यंही २४८. पाठ असली की गुणाकार-भागाकाराची कटकट बरीच वाचते.

‘दृक्’ म्हणजे दृष्टी. संधी करून खरं रूप दृग्गणित. परमेश्वर नावाच्या गणितज्ञाने १४३१ मध्ये केरळात हेच नाव आपल्या ग्रंथाला दिलं होतं. आज मात्र दृक् म्हणजे आधुनिक सूत्रांनी काढलेली, आकाशाशी जुळणारी स्थिती. रोज कुणी डोळा लावून बसत नाही!

आता अष्टमीच का? तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातलं १२ अंशांचं अंतर. जुन्या गणितात चंद्राला मुख्य दुरुस्ती एकच, मंदफल, जास्तीत जास्त सुमारे ५ अंश. ती ग्रहणांवरून पारखलेली, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेला छान बसते. पण सूर्याच्या ओढीमुळे अष्टमीच्या सुमारास हीच दुरुस्ती साडेसात अंशांपर्यंत जाते. वरचे अडीच अंश वाक्यांत नाहीतच. अंतर ताशी साधारण अर्धा अंश वाढतं, म्हणजे दोन अंशांची चूक चार तासांची.

समजा दृक् पंचांगात अष्टमी बुधवारी पहाटे ४ ला संपते आणि वाक्यात सकाळी ८ ला. इंदूरचा सूर्योदय सव्वासहाचा धरला, तर बुधवारची उदयतिथी एकाची नवमी, दुसऱ्याची अष्टमी. चार तासांनी सणाचा वार बदलला. सायन आणि निरयन राशिचक्रातलं अंतर, म्हणजे अयनांश, त्याला मात्र इथे दोष देऊ नये. तो चंद्र आणि सूर्य दोघांतून सारखाच वजा होतो, अंतर तेच राहतं. घोळ होतो तो नक्षत्र आणि संक्रांतीत.

आपल्याकडची, ग्रहलाघव या जुन्या ग्रंथावरून केलेली ग्रहलाघवी पंचांगं वाक्यांवर चालत नाहीत, पण चंद्राची उणीव तीच. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे वचन त्या गणिताचंच : बाण ५, रस ६, म्हणून तिथी फार तर ६५ घटी, कमीत कमी ५४, म्हणजे साधारण साडेएकवीस तास. दृक् तिथी ६७ ला जवळजवळ पोचते आणि ५० पर्यंत उतरते. हातातलं पंचांग कोणतं ते ओळखायला लागोपाठच्या दोन तिथींच्या समाप्तीवेळा वजा करून बघा. वर्षभरात कुठेही साडेएकवीस तासांपेक्षा बरीच लहान तिथी सापडली, तर ते दृक्.