टेम्प्लेट दिसतं कसं ते नंतर, आधी त्यातून मजकूर कसा बाहेर पडतो ते बघा

प्रश्न: ऑनलाइन रेझ्युमे टेम्प्लेट आणि बिल्डर ढिगाने आहेत, त्यातलं चांगलं कसं ओळखायचं? डावीकडे रंगीत पट्टा असलेलं एक आवडलंय, ते एटीएसमध्ये चालेल का?

चालेल की नाही ते तुम्हाला घरबसल्या पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी बिल्डरने लावलेल्या 'एटीएस फ्रेंडली' शिक्क्यावर जाऊ नका. एटीएस म्हणजे कंपनीकडे आलेले अर्ज साठवून चाळणारं सॉफ्टवेअर, पण ते काही एकच नाही, वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळं वापरतात, मग हा शिक्का नेमका कुठल्यासाठी ते कोणीच सांगत नाही.

मूळ गोची अशी की पीडीएफमध्ये बऱ्याचदा 'हा कॉलम, हा परिच्छेद' अशी माहिती नसतेच, अमुक अक्षर पानावर अमुक जागी काढ एवढंच असतं. डोळ्यांना दोन कॉलम दिसतात, सॉफ्टवेअरला क्रम अंदाजाने लावावा लागतो आणि काही सॉफ्टवेअर सरळ डावीकडून उजवीकडे आडवी ओळ वाचत जातात. म्हणून पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कमांड लाइन वापरत असाल तर पॉपलर या मोफत पीडीएफ टूलसंचातलं pdftotext आणखी बरं, दोन्ही प्रकारे चालवून बघा:

```
pdftotext -layout resume.pdf -
pdftotext -raw resume.pdf -
```

पहिलीत पानावर दिसते तशी मांडणी मिळते, म्हणजे दोन कॉलम शेजारी-शेजारीच येणार, दुसरीत फाइलमध्ये मजकूर ज्या क्रमाने लिहिलाय तो क्रम. समजा पट्ट्यात स्किल्स आहेत आणि शेजारी नोकरीचा अनुभव, आणि नोटपॅडमध्ये हे आलं:

```
Excel Accounts Executive
SQL Jan 2021 - Mar 2024
E X P E R I E N C E
certi ed in payroll
```

यात चार ओळींत तीन घोळ आहेत. पदाचं नाव एक्सेलला चिकटलं आणि तारखा एसक्यूएलला, म्हणजे अर्जाच्या फॉर्ममध्ये आपोआप भरलं जाणारं पद चुकीचं येऊ शकतं. 'Experience' हे हेडिंग अक्षरं सुटी करून सजवलंय, ते हेडिंग म्हणून ओळखलंच गेलं नाही तर खालचा सगळा अनुभव भलत्याच रकान्यात जातो. आणि 'certified' मधलं 'fi' हे फॉन्टमध्ये जोडून एकच चिन्ह होतं, ते कॉपी होताना गळालं, आता रिक्रूटरने तो शब्द सर्च केला तर तुम्ही सापडणार नाही. (सॉफ्टवेअर रेझ्युमे परस्पर कचऱ्यात टाकतं असं लोक म्हणतात, पण या अशा घोळाचा खरा तोटा हाच, की माहिती चुकीच्या जागी बसते आणि शोधात येत नाही.) काहीच सिलेक्ट होत नसेल तर ते पान म्हणजे चित्र आहे, ते टेम्प्लेट तिथेच सोडा.

वर्ड फाइल असेल तर अजून एक बघा, फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये टाकलेत का. रेझ्युमेतून माहिती उचलणारे काही पार्सर हेडर-फूटर वाचतच नाहीत, मग नाव आलं पण संपर्क कोरा. टेक्स्ट बॉक्सचंही तसंच. आणि स्किलपुढे ते पाचपैकी चार ठिपके भरलेले असतात ना, त्यातून सॉफ्टवेअरला काही कळत नाही आणि खरं सांगायचं तर माणसालाही नाही, चार ठिपके एक्सेल म्हणजे नक्की किती?

आता जागेचं. ए४ पान २१० मिमी रुंद. पट्ट्याने ७० खाल्ले, उरलेल्या १४० मधून दोन्ही बाजूंना १५-१५ सोडले की मजकुराला ११० उरतात. एकाच कॉलमला दोन्हीकडे २० मिमी मार्जिन ठेवलं तरी १७० मिळतात. म्हणजे जो मुद्दा एका कॉलममध्ये जेमतेम दोन ओळींत बसतो तो पट्ट्याशेजारी तीन-चार ओळी घेतो, आणि दुसऱ्या पानावर तो पट्टा बहुतेक वेळा रिकामाच उभा असतो. नमुन्यात हे दिसत नाही कारण तिथे प्रत्येक नोकरीखाली दोन छोटी वाक्यं असतात. म्हणून निवडायच्या आधी तुमची सगळ्यात मोठी नोकरी, सगळ्या मुद्द्यांसकट, त्यात टाकून बघा. जागा पुरत नाही म्हणून फॉन्ट १० पॉइंटच्या खाली न्यावा लागला तर ते टेम्प्लेट तुमच्यासाठी नाही, वाचणाऱ्याचे डोळे दुखतील.

बिल्डरमध्ये ही एकच नोकरी भरून लगेच डाउनलोड करून बघा, सगळं भरून झाल्यावर पैसे मागणारे बरेच आहेत. एकाच कंपनीत दोन पदं दाखवता येतात का, हेडिंगचं नाव बदलता येतं का, डॉकएक्स मिळतं का, हे तेव्हाच कळेल.

तुमचं पट्टावालं नोटपॅडमध्ये आणि -raw मध्ये नीट क्रमाने निघालं आणि मजकूर मावला तर खुशाल वापरा. नाही निघालं तर त्याच बिल्डरमध्ये एका कॉलमचं घ्या आणि आवडता रंग नावाला नि हेडिंगला द्या, रंगाने पार्सरला काही फरक पडत नाही.