मार्चचं बिल, पैसे मेमध्ये, टॅक्स कुठल्या वर्षी?

प्रश्न: मी फ्रीलान्स डिझायनर आहे, मार्च २०२४ ला १ लाखाचं बिल दिलं, पैसे मे मध्ये आले, इन्कम कुठल्या वर्षात दाखवू?

उत्तर: तुम्ही हिशोब कसा ठेवता त्यावर आहे. मर्कंटाइल म्हणजे ॲक्रुअल असेल तर काम होऊन बिल दिलं तेव्हाच इन्कम झालं, म्हणजे २०२३-२४, पैसे हातात नसले तरी टॅक्स भरायचा. कॅश बेसिस असेल तर मे मध्ये आले म्हणून २०२४-२५. या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १४५ मध्ये दोन्ही चालतात, पण जी पद्धत धरली ती दरवर्षी तीच ठेवायची, सोयीप्रमाणे बदलायची नाही आणि खर्चही त्याच पद्धतीने धरायचा.

खरी गडबड टीडीएसमध्ये होते. क्लायंटने मार्चमध्येच बिल बुक केलं तर तो टीडीएसचे १०,००० तेव्हाच कापतो आणि ते २६एएस या टॅक्स खात्याच्या स्टेटमेंटमध्ये २०२३-२४ ला दिसतात, लोक घाईत क्रेडिट घेऊन टाकतात आणि इन्कम मात्र दाखवत नाहीत, मग मिसमॅचची नोटीस येते. कॅशवाल्यांनी ते १०,००० रिटर्नच्या टीडीएस शेड्यूलमध्ये पुढे न्यायचे आणि पुढच्या वर्षी पूर्ण १ लाख इन्कम दाखवून क्रेडिट घ्यायचं, हातात आलेले ९०,००० नाही हं.