बिल वेगळं, पावती वेगळी: स्टेशनरीच्या दुकानातले काही प्रश्न

आई एकाच कागदाला कधी बिल म्हणते कधी पावती, आणि पुस्तकात इनव्हॉइस असं लिहिलंय. हे तीन आहेत की एकच? (इयत्ता आठवी)

तीन नाहीत, दोन आहेत. इनव्हॉइस म्हणजेच बिल, जुन्या लोकांचा शब्द बीजक. पावती मात्र वेगळी. बिल सांगतं की दुकानदाराने काय माल दिला आणि त्याचे किती पैसे होतात, पावती सांगते की त्यातले किती पैसे त्याच्या हातात आले. एक मालाबद्दल बोलतं, दुसरी पैशाबद्दल.

तुझा गोंधळ होतो कारण तू दुकानात जाऊन वही घेतोस, लगेच पैसे देतोस, आणि माल देणं आणि पैसे घेणं एका मिनिटात उरकतं. मग काका एकच कागद देतात आणि तोच दोन्ही कामं करतो, म्हणून आई दोन्ही नावं वापरते आणि ती चुकत नाहीये. फरक कळायला उधारीचा व्यवहार बघावा लागतो.

समज तुझ्या शाळेने जूनमध्ये दुकानातून दोनशे पानी ५० वह्या घेतल्या, ६० रुपयाला एक, म्हणजे ३००० रुपये. सोबत १० कंपासपेट्या, २०० रुपयाला एक, म्हणजे २००० रुपये. वह्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, कंपासपेटीवर ५ टक्के आहे, म्हणून २००० वर १०० रुपये कर लागला (बिलावर तो ५० केंद्राचा आणि ५० राज्याचा असा दोन ओळीत दिसतो). एकूण ५१०० रुपये. माल शाळेत पोचला त्या दिवशी दुकानदाराने हा सगळा हिशोब लिहून कागद दिला, त्यावर नंबर, तारीख, शाळेचं नाव, प्रत्येक वस्तू किती आणि कितीला. हे झालं बिल. अजून एक रुपयाही मिळालेला नाही, तरी बिल पूर्ण आहे.

त्याच दिवशी शाळेने २००० रुपये रोख दिले. आता दुकानदार वेगळ्या पुस्तकातून पावती फाडतो: अमुक शाळेकडून, अमुक नंबरच्या बिलापोटी, रुपये दोन हजार रोख मिळाले, खाली सही. यात वह्या किंवा कंपासपेट्या यांचा उल्लेखही लागत नाही. बाकी राहिले ३१००. महिन्याने चेक आला की त्याची दुसरी पावती. म्हणजे बिल एक, पावत्या दोन.

सुट्टीत मामाच्या स्टेशनरीच्या दुकानात बसतो. बिल बनवून गिऱ्हाईकाला देताना मी सवयीने पेडचा शिक्का मारला, पैसे उद्या येणार होते, मामा जाम चिडले. एवढं काय झालं?

मामांचं चिडणं बरोबर आहे. शिक्का मारला त्या क्षणी तुझं बिल पावती झालं, म्हणजे तुमच्या दुकानाने लिहून दिलं की पैसे मिळाले. उद्या गिऱ्हाईक म्हणालं मी तर दिलेत, हा बघा तुमचाच शिक्का, तर मामांकडे उलट दाखवायला काही नाही. आता लगेच त्या गिऱ्हाईकाला फोन करून तो कागद परत मागवा, शिक्का काट मारून तिथे 'रक्कम येणे' असं लिहा आणि मामांची सही घ्या, आणि दुकानातल्या प्रतीवरही तेच करा. नवीन नंबरचं दुसरं बिल बनवू नकोस, नाहीतर एकाच मालाची दोन बिलं होतील आणि विक्री दुप्पट दिसेल.

सवय अशी लाव: माल हातातून गेला की बिल, पैसे गल्ल्यात आले की शिक्का किंवा पावती. चेक असेल तर पावतीवर चेकचा नंबर, बँक आणि 'चेक वटल्यावर ग्राह्य' असं लिही, कारण चेक परत आला तर पैसे मिळालेलेच नसतात. आणि एका पावतीची रक्कम ५००० रुपयांच्या वर गेली तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही करतात. वरच्या शाळेने ५१०० एकदम रोख दिले असते तर तो लागला असता, बिलाला लागत नाही.

मुलीच्या वह्यापुस्तकांचे पैसे फोनवरून पाठवले, स्क्रीनशॉट आहे. मग पावती कशाला मागायची?

मागा ताई, नक्की मागा. स्क्रीनशॉट एवढंच सांगतो की तुमच्या खात्यातून पैसे गेले आणि कोणाला गेले. कोणत्या बिलापोटी गेले हे त्यात नसतं, आणि दुकानदाराने कबूल केलेलंही नसतं. माझ्यावरच हे ओढवलंय. एका दुकानात दोन वेगळी बिलं होती, मी एकाचे पैसे पाठवले, दुकानातल्या माणसाने ते दुसऱ्या बिलात जमा धरले आणि महिन्याने पहिल्या बिलाची बाकी मागितली. खात्याचा उतारा दाखवून सुटले पण दोन फेऱ्या झाल्या. तेव्हापासून मी पैसे पाठवताना शेऱ्यात बिल नंबर टाकते आणि बिलावर 'मिळाले', तारीख आणि सही घेतेच.

दुकानदारांनाही सांगते, गिऱ्हाईकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट बघून पावती देऊ नका, खोटे स्क्रीनशॉट बनवता येतात. तुमच्या खात्यात रक्कम आली का ते बघा, मग सही करा.

५ वह्यांची पानं उलटी बांधलेली निघाली, परत केल्या. आता बिल फाडून नवीन करायचं का?

नाही. माल खरंच गेला होता, म्हणून बिल खरं आहे, ते तसंच राहतं. दुकानदार वेगळा कागद देतो, त्याला क्रेडिट नोट म्हणतात: अमुक बिलातल्या ५ वह्या परत आल्या, ३०० रुपये कमी केले. वरच्याच शाळेचा हिशोब धरला तर बिल ५१००, पावती २०००, क्रेडिट नोट ३००, आणि बाकी २८००. तिन्ही कागद समोर ठेवले की कोणालाही बाकी काढता येते, म्हणूनच खाडाखोड करत नाहीत.

३० रुपयाचं पेन घेतलं, काका बिल देत नाहीत. चालतं का?

२०० रुपयांच्या आतल्या खरेदीवर, तुम्ही जीएसटीत नोंदलेले नसाल आणि बिल मागितलं नसेल, तर जीएसटीवाल्या दुकानदाराने प्रत्येकाला वेगळं बिल द्यायची सक्ती नाही, दिवसाच्या शेवटी तो सगळ्याचं मिळून एक बिल करतो. पण मागितलंत तर द्यावं लागतं.

आणि बिल हातात आलं की एक गोष्ट बघ. जीएसटी लावलाय आणि दुकानाचा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर (महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो) कुठेच नाही, तर तो कर मागायचा त्या दुकानाला हक्क नाही. तेवढी रक्कम देऊ नकोस आणि बिल दुरुस्त करून माग.