इतिहासाच्या प्रकल्पात गोषवारा, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश कसे लिहावेत?

प्रश्न: इतिहासाचा प्रकल्प वहीत जमा करायचाय, विषय चवदार तळ्याचा सत्याग्रह. आतलं सगळं लिहून झालंय. गोषवारा, अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देश कसे लिहू? सर म्हणतात, नेटवर नमुने आहेत ते बघ.

नेटवरचे नमुने बघूच नका. 'प्रस्तुत प्रकल्पात मी अमुक विषयाची सखोल माहिती घेण्याचा प्रयत्न केला आहे' हे वाक्य चवदार तळ्यालाही चालतं आणि पानिपतालाही. वर्गातल्या चाळीस वह्यांत तेच असतं, आणि नमुना बघ म्हणणारे शिक्षकच नंतर 'मुलं स्वतःचं काही लिहीत नाहीत' म्हणून कुरकुरतात.

गोषवारा म्हणजे प्रस्तावना नव्हे. प्रस्तावना वाचकाला विषयाच्या दारात आणून सोडते, गोषवारा शेवट आधीच सांगून टाकतो. त्यात तुमचा प्रश्न, तो कशाच्या आधारे तपासला, काय सापडलं आणि काय राहिलं, एवढंच यायला हवं. शंभरेक शब्द, एकच परिच्छेद. तुमच्या विषयावर तो असा होईल:

'चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तरीही 20 मार्च 1927 रोजी तिथले पाणी पिण्यासाठी सत्याग्रह का करावा लागला, हा या प्रकल्पाचा प्रश्न आहे. त्यासाठी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातील 1923 चा बोले ठराव, डॉ. आंबेडकरांच्या "बहिष्कृत भारत" पाक्षिकातील मजकूर आणि तळ्याच्या खटल्याची माहिती तपासली. नगरपालिकेचा ठराव कागदावरच राहिला. स्थानिक सवर्णांच्या विरोधापुढे तो अमलात आला नाही. सत्याग्रहानंतर ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने तो मागेही घेतला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाच्या 17 मार्च 1937 च्या निकालाने कायम झाला. महाडमधील कुटुंबांच्या आठवणी या प्रकल्पात घेतलेल्या नाहीत.'

यात बाबासाहेबांचं चरित्र नाही, 'थोर', 'ऐतिहासिक' असली विशेषणं नाहीत. शेवटचं वाक्य मुलं गाळतात, कारण त्यांना ते कमीपणाचं वाटतं. तोंडी परीक्षेत मात्र तेच वाचवतं: 'महाडला जाऊन कुणाशी बोललास का?' याचं उत्तर आधीच दिलेलं असतं. तुम्ही खरंच गेला असाल तर अर्थातच ते वाक्य बदला. आधार म्हणून मी दिलेल्यांतली जी साधनं तुम्ही पाहिलीच नाहीत, तीही काढा.

गोषवारा सगळ्यात शेवटी लिहा आणि त्यातली प्रत्येक तारीख आतल्या पानाशी ताडून बघा. या विषयात हमखास होणारी चूक म्हणजे मनुस्मृतीचं दहन मार्चमध्ये ढकलणं. ते 25 डिसेंबर 1927 चं, महाडच्याच दुसऱ्या परिषदेतलं. तेव्हा कोर्टाची मनाई असल्याने तळ्यावर जाणं थांबवलं होतं. आत बरोबर आणि गोषवाऱ्यात चूक असेल, तर तो दुसरीकडून उतरवलाय हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

अनुक्रमणिकेत 'प्रकरण 1, प्रकरण 2' एवढंच लिहून भागत नाही. 'ठराव झाला, पाणी मिळालं नाही', 'सत्याग्रहाचे दोन दिवस', 'ठराव मागे', 'कोर्टात दहा वर्षं' अशी नावं द्या आणि आतल्या पानावर शब्दन् शब्द तीच ठेवा. हाताने लिहिताय तर पानांचे आकडे आधी पेन्सिलने टाका. ऐनवेळी फोटोचं एक पान मध्ये चिकटवलं की पुढचे सगळे आकडे सरकतात. शाईने लिहिले असतील तर खाडाखोड अटळ. गोषवारा, ऋणनिर्देश या सुरुवातीच्या पानांना क, ख, ग द्या, म्हणजे तिथे पान वाढलं तरी मूळ मजकुराचं पान 1 हलत नाही. Word वर करत असाल तर शीर्षकांना Heading 1 लावून यादी आपोआप बनवा आणि छापण्याआधी Update Field मधून Update entire table निवडा. नुसतं Update page numbers only केलं तर बदललेली शीर्षकं जुनीच राहतात.

आता ऋणनिर्देश. मुख्याध्यापकांपासून उतरंड लावायची, मग आई-वडील, मग 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार', ही पद्धत मला मुळीच पटत नाही. ज्याने काही दिलं त्याचं नाव आणि काय दिलं ते लिहा: 'ग्रंथपाल बाईंनी कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर दोन दिवस घरी नेऊ दिलं', 'काकांनी तळ्याचे फोटो काढून पाठवले.' चार-पाच ओळी पुरतात. पुस्तकांचे आभार मानू नका, ती संदर्भसूचीत जातात. कुणाची मुलाखत घेतली असेल तर नाव छापू का, हे त्यांना आधी विचारा.

शाळेने छापील नमुना दिला असेल तर पानांचा क्रम त्यातलाच ठेवा, क्रमावरून गुण घालवण्यात अर्थ नाही. मुख्याध्यापकांची ओळ सक्तीची असेल तर तीही एक लिहून टाका.