रिकामी फ्रेम आधी घ्या, मग वजाबाकी करा

फोटोतला माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा काढायला कुरळ्या केसांभोवती पेन टूल फिरवत तास घालवू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, तर माणूस उभा करण्याआधी नुसत्या भिंतीचा एक फोटो घ्या. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअलवर हवेत. फोकस ऑटोवर राहिला तर लेन्स हलते, चौकट किंचित लहानमोठी होते आणि दोन फोटोंच्या वजाबाकीत भिंतीच्या प्रत्येक कडेला बारीक उजळ रेघ उमटते. ती रेघ दिसली की समजा, दोन फोटो जुळलेले नाहीत.

रिकामा फोटो खाली, माणसाचा वर ठेवून वरच्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. भिंत काळी पडेल, माणूस उरेल. पण भिंत अगदी शून्य कधीच होत नाही, सेन्सरचा नॉइज राहतोच. म्हणून दोन्ही लेयरची एकत्रित प्रत बनवून तिला हलका ब्लर द्या, मग `Threshold` लावा. 255 पैकी 15 च्या आसपास सुरुवात करून भिंतीवरचे ठिपके जाईपर्यंत वाढवा. हे काळंपांढरं चित्र मूळ फोटोचा मास्क म्हणून वापरा. केसांची कड मऊ हवी असेल तर तिथे `Threshold` ऐवजी `Levels` बरं.

राखाडी भिंतीपुढे राखाडी शर्ट असला की छातीत भोकं पडतात, कारण तिथे फरकच नसतो. ती ब्रशने पांढरी भरा. सावलीही माणसाबरोबर निवडली जाते, म्हणून त्याला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभं करा.