कथेआधीची दोन मिनिटं

प्रश्न: इंदूरला घरी सत्यनारायण आहे. आजी-आजोबा, हिंदी बोलणारे शेजारी, लहान मुलं असे सगळेच येणार. स्वागताचं काय बोलू, आणि विधी थोडक्यात कसे सांगू?

उत्तर: अगदी सुरुवातीला बोलू नका. संकल्प, गणपतिपूजन, कलशपूजन होईपर्यंत तुम्ही दोघं पाटावर असता आणि पाहुणे येतच असतात. गुरुजींना आधीच सांगून ठेवा, की पूजा झाल्यावर, कथेला बसण्याआधी दोन मिनिटं हवीत. तेव्हा घर भरलेलं असतं आणि दाखवायला सगळं समोर मांडलेलं असतं.

मी साधारण असं बोलते:

“नमस्कार मंडळी, वेळात वेळ काढून आलात, फार बरं वाटलं. खाली बसायला त्रास होत असेल त्यांनी खुर्ची घ्या, संकोच नको. मुलांनो, पुढे या. चौरंगाला चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधलेत, तो देवाचा मांडव. मधल्या कलशात पाणी, सुपारी आणि नाणं आहे. वरच्या ताम्हनात तांदूळ आणि त्यावर बाळकृष्ण. मघाशी संकल्प झाला. त्यात आज तिथी कोणती, आपण कुठे राहतो, पूजा कशासाठी, हे देवाला सांगतात. आपण नर्मदेच्या उत्तरेला राहतो, म्हणून गुरुजींनी नर्मदेचं नाव घेतलं. तिचंच पाणी आपल्या नळाला येतं. आता पाच अध्यायांची कथा ऐकू, मग आरती आणि प्रसाद.”

मुलं इथपर्यंत नीट ऐकतात. ती चुळबुळ करू लागली की पूजेची मांडणी सांगणं सोडा आणि कलावतीवर या. साधुवाण्याची ही मुलगी. वडील आणि नवरा नावेनं परत आल्याचं कळताच प्रसाद न घेताच धावत सुटली, आणि नवरा नावेसकट दिसेनासा झाला. घरी परतून प्रसाद घेतला तेव्हा तो परत मिळाला. एवढंच सांगून म्हणा, “म्हणून प्रसाद घेतल्याशिवाय कुणी जायचं नाही.” मुलांच्या लक्षात हीच गोष्ट राहते, आणि घाईतले शेजारीही थांबतात. हे एक वाक्य त्यांच्यासाठी हिंदीतही म्हणा: “प्रसाद लेकर ही जाइएगा।” कथा त्यांना माहीत असते, पण त्यांच्याकडे प्रसादाला बहुधा पंजीरी असते. आपल्या शिऱ्याबद्दल त्यांना कुतूहल असतं, म्हणून प्रमाण जरूर सांगा: रवा, साजूक तूप, साखर सगळं सव्वा मापानं, सव्वा वाटी किंवा सव्वा किलो, शिवाय दूध आणि केळं. मधुमेह असलेल्यांना चिमूटभर दिला तरी प्रसाद पोचतो; हे तुम्हीच बोलून दाखवा, म्हणजे आजोबांना नाही म्हणण्याचा संकोच होत नाही.

कथेचं सार मात्र आधी सांगत बसू नका, ते गुरुजींचं काम. आरतीच्या वेळी झांजा मुलांच्या हातात द्या आणि अक्षता कधी वाहायच्या ते गुरुजींनाच सांगू द्या.