पडदा धुऊन पेटवा, गादी काट्यावर ठेवा

प्रश्न: कोथरूडला १२ खोल्यांचं मुलींचं वसतिगृह आहे. दुकानदार पडदे आणि गाद्या 'फायर रिटार्डंट' म्हणून दीडपट भावाने देतोय, सर्टिफिकेटही दाखवतोय. खरं-खोटं कसं ओळखायचं?

पडद्यांपासून सुरुवात करतो. दुकानदाराला आधी एवढंच विचारा: आग न धरण्याचा गुण धाग्यातच आहे, की कापडावर वरून दिलाय? पॉलिस्टर तयार होतानाच त्यात फॉस्फरसचं संयुग मिसळलं असेल, तर तो गुण धुतल्याने जात नाही. कापड क्षारांच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं असेल, तर काही धुण्यांतच तो पाण्याबरोबर निघून जातो. दुकानात लायटर लावून दाखवतात तेव्हा दोन्ही कापडं सारखीच विझतात.

म्हणून सर्टिफिकेटमध्ये शेवटचा शेरा नाही, नमुन्याचं वर्णन वाचा. पडद्यांसाठी आपल्याकडे आयएस १५७४१ हे मानक आहे. चाचणी किती धुण्यांनंतर केली, कापडाचं दर चौरस मीटर वजन किती, नमुना कोणी पाठवला, हे रिपोर्टवर असायला हवं. 'नमुना आला तसा तपासला' एवढंच लिहिलं असेल, तर तुमच्या धोब्याकडून आलेल्या पडद्याबद्दल तो रिपोर्ट काहीच सांगत नाही. रिपोर्ट क्रमांक घेऊन प्रयोगशाळेला फोन करा आणि हाच रिपोर्ट त्यांनी दिला होता का, ते विचारा.

दोन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या आमच्या २४ खाटांच्या वसतिगृहासाठी मी दोन कापडं आणली होती. प्रत्येक ताग्यातून साधारण ५ सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब पट्ट्या कापल्या. निम्म्या तशाच ठेवल्या, निम्म्या रोजच्या पावडरने पाच वेळा धुतल्या. वारा पडल्यावर गच्चीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, पट्टी पकडीत उभी धरली आणि खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावली. सुती कापड न धुता लगेच विझलं, पण पाच धुण्यांनंतर वरपर्यंत जळत गेलं. पॉलिस्टर दोन्ही वेळा विझलं आणि खाली अंथरलेला कागदही पेटला नाही.

एवढ्यावर मी निर्धास्त झालो होतो. मग शिंप्याने आतून साधं सुती अस्तर लावलेला नमुना आणला. सहज म्हणून तोही पेटवून पाहिला, तर जळतच राहिला! असं पॉलिस्टर वितळून ज्योतीपासून मागे सरकतं, म्हणून विझतं. सुती अस्तर त्याला जागेवर धरून ठेवतं आणि दिव्यातल्या वातीसारखं काम करतं. अस्तर काढायला लावलं. तेव्हा चाचणी शिवलेल्या पडद्याची करा, आणि हेही ध्यानात ठेवा की या घरगुती चाचणीने कापड नापास करता येतं, पास करता येत नाही.

गादीचा फोम मात्र घरी कधीच पेटवू नका. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतं.

गादीत फसवणूक वेगळ्या जागी होते. रिपोर्ट असतो नुसत्या फोमच्या तुकड्याचा, आणि येते ती अभ्रा घातलेली, आत भलतंच काही भरलेली गादी. फायर रिटार्डंट फोमवर साधा सुती अभ्रा चढवला की तो पेटतो आणि फोमला लहान ज्योतीऐवजी मोठी ज्योत सोसावी लागते. म्हणून रिपोर्ट अभ्र्यासकट गादीचा मागा. ब्रिटिश बीएस ७१७७ मध्ये वसतिगृहं 'मध्यम धोका' गटात येतात. त्या चाचणीत धुमसती सिगारेट, काडीएवढी ज्योत आणि पेटलेल्या लाकडी पट्ट्यांची छोटी रचना, हे तिन्ही असतं. धुमसण्याची चाचणी वगळलेला रिपोर्ट मी घेत नाही, कारण आपल्या खोल्यांत खाटेखाली डासांची कॉइल असते आणि ज्योतीला टिकणारा फोम धुमसण्याला टिकेलच असं नाही.

आत काय भरलंय ते वजनावरून कळतं. ६ फूट बाय ३ फूट, ४ इंच जाडीच्या गादीचं घनफळ सुमारे ०.१७ घनमीटर. रिपोर्टमध्ये फोमची घनता ३२ किलो असेल, तर फोम साडेपाच किलोच्या आसपास भरायला हवा. आमच्याकडे आलेली गादी १५ किलोची निघाली. चेन उघडली तर आत रंगीबेरंगी तुकडे चिकटवलेला रिबॉन्डेड फोम! ते तुकडे कुठकुठल्या फोमचे, हे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे दाखवलेला रिपोर्ट त्याला लागूच नव्हता. सगळा माल परत केला. आता ऑर्डरमध्येच घनता, अभ्र्याचं कापड आणि रिपोर्ट क्रमांक लिहून घेतो, आणि आलेल्यातली कुठलीही एक गादी उघडून बघतो.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल, तर पडद्यांना साबणाची वडी लावू नका. साबणाचा थर कापडात बसतो आणि तोच जळतो. पडदे शिवताना त्याच ताग्याची एक हातभर पट्टी जास्तीची घ्या, ती दर वेळी पडद्यांबरोबरच धुवायला टाका, आणि वर्षातून एकदा तिचा तुकडा कापून गच्चीत पेटवून बघा.